वारशाचा फ्लॅट भाड्याने द्यावा की विकावा? गोव्यातल्या दोन भावंडांसाठी

आईवडील गेले की मागे राहिलेल्या फ्लॅटचं काय करायचं, हा प्रश्न वर्षश्राद्ध होईपर्यंत सहसा कुणी काढत नाही. तोवर फ्लॅट बंद असतो. गोव्यात बंद फ्लॅट एका पावसाळ्यात भिंतींना बुरशी धरतो, दुसऱ्यात दारांच्या चौकटींना वाळवी लागते, आणि घरपट्टी व सोसायटीची वर्गणी चढत राहते. म्हणून भाडं आणि विक्री यांतला निर्णय लांबला तरी चालेल, पण फ्लॅट कुलपात ठेवून तो लांबवू नये.

सगळा हिशोब एका उदाहरणावर करू. म्हापशाचा दोन बेडरूमचा फ्लॅट. वडिलांनी तो २००६-०७ मध्ये, सगळा खर्च धरून, ११ लाखांना घेतला. वडील २०१९ मध्ये गेले, आई २०२३ मध्ये. मृत्युपत्र नाही, कर्ज बाकी नाही. मुलं दोन: दीपक म्हापशातच राहतो, स्मिता नोकरीमुळे पुण्यात आहे. दोघांचीही लग्नं गोव्यात, सिव्हिल रजिस्ट्रारकडे सह्या करून नोंदलेली. आज फ्लॅटला साठ लाख येतील असं दलाल सांगतो आणि भाडं महिना अठरा हजार मिळेल. आकडे समजुतीसाठी आहेत, तुमचे वेगळे असतील. रीत तीच.

आधी मालक मोजा

दीपक आणि स्मिता म्हणतात, आम्ही दोघं मालक. गोव्याच्या कायद्याने मालक चार आहेत.

गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा कौटुंबिक कायदा चालतो. त्यातला वारशाचा भाग आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्यात आहे, आणि तो डिसेंबर २०१६ पासून लागू झाला. लग्नापूर्वी नवराबायकोने वेगळा करार नोंदवला नसेल, तर दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. यात कमावलेलं येतं तसं माहेरून-सासरहून वारशाने आलेलंही येतं. म्हणजे वडील हयात असतानाच अर्धा फ्लॅट आईचा होता. वडील गेल्यावर त्यांचा अर्धा मुलांकडे आला, आई गेल्यावर तिचा अर्धाही आला. आणि मुलांकडे आला त्या क्षणी दीपकच्या अर्ध्यातला अर्धा त्याच्या बायकोचा, स्मिताच्या अर्ध्यातला अर्धा तिच्या नवऱ्याचा झाला. प्रत्येकाकडे चौथा हिस्सा.

हे फक्त कागदावर राहत नाही. विक्रीखतावर चौघांच्या सह्या लागतात आणि पुढे करही चौघांत वाटला जातो. घरात बोलणी भावंडांनीच करावीत, ते बरंही असतं, पण जावयाला आणि सुनेला पहिल्या दिवसापासून सांगून ठेवा. ऐनवेळी सही मागायला गेलं की माणूस दुखावतो, आणि दुखावलेल्या माणसाच्या एका सहीवर गिऱ्हाईक हातचं जातं. अशी मोडलेली व्यवहारं मी पाहिली आहेत. त्यांत बहुतेक वेळा पैशाचं भांडण नव्हतंच, विचारलं नाही याचा राग होता.

एखाद्या भावंडाचं लग्न गोव्याबाहेर झालं असेल, किंवा आईवडील मूळचे महाराष्ट्रातले असून त्यांनी गोव्यात फक्त फ्लॅट घेतला असेल, तर कुठला कायदा लागतो हे वकिलाकडून लेखी घ्या. शेजाऱ्याचं उदाहरण तिथे उपयोगी पडत नाही.

वारसाचा कागद

पहिला सरकारी टप्पा म्हणजे उत्तराधिकाराचं खत. बोलीत सगळे त्याला ‘डीड ऑफ सक्सेशन’ म्हणतात. ते तालुक्याच्या विशेष नोटरीपुढे होतं, आणि हे काम सब-रजिस्ट्रारच्या कार्यालयातच चालतं. आईवडिलांचे मृत्यूचे दाखले, त्यांच्या लग्नाची नोंद, दोन्ही मुलांच्या जन्माच्या आणि लग्नाच्या नोंदी एवढे कागद आधी गोळा करा. नावांची अक्षरं इथेच ताडून पाहा. जुन्या जन्मनोंदीत पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग आणि आधारवर आजचं, ही गोव्यातली नेहमीची अडचण आहे. ती आधी सोडवली नाही तर पुढच्या प्रत्येक खिडकीवर भेटते. खताची जाहीर सूचना छापून येते, कारण राहून गेलेला वारस असेल तर त्याला कळलं पाहिजे.

हे खत वारस कोण एवढंच सांगतं. कुणाला काय मिळालं, हे ते सांगत नाही. दोघांचं एकमत असेल तर फ्लॅट भाड्याने द्यायला किंवा सगळ्यांनी मिळून विकायला बहुधा एवढ्यावर भागतं. एकमत नसेल, किंवा इतर मालमत्ताही वाटायच्या असतील, तर दिवाणी न्यायालयात इन्व्हेंटरी करावी लागते. तिथे सगळ्या मालमत्तेची यादी होते, मोल ठरतं आणि वाटणी होते. एकाच वस्तूवर दोघांचा डोळा असेल तर वारसांमध्येच बोली लागते, आणि जास्त बोलणारा दुसऱ्याला त्याच्या हिश्श्याचे पैसे देतो. वेळ लागतो, पण रीतसर शेवट होतो.

इथे स्मिताला एक सूचना. ‘ताई, तू हक्क सोड, मी तुला नंतर बघतो’ असं प्रेमाने म्हटलं जातं. गोव्यात वारसाहक्क सोडणं हे अख्ख्या वारशाबद्दल असतं. एक फ्लॅट सोडते आणि पेडण्याच्या जमिनीतला वाटा ठेवते, असं त्या खताने करता येत नाही. फ्लॅटपुरताच हिस्सा द्यायचा असेल तर तो भावाला नोंदणीकृत खताने, विकत किंवा बक्षीस म्हणून द्यायचा. त्याला स्टॅम्प ड्युटी पडते, पण बाकीचा वारसा शाबूत राहतो.

मूळ फाईल उघडा

विकायचा असो वा नसो, वडिलांची फाईल आताच वकिलाला दाखवा. त्या काळात बिल्डर ‘अ‍ॅग्रीमेंट’ करून पैसे आणि ताबा यांचा व्यवहार पुरा करत, आणि विक्रीखत राहून जाई. तुमच्या फाईलमध्ये नोंदणीकृत विक्रीखत आहे की नुसतं अ‍ॅग्रीमेंट, हे पाहा. नुसतं अ‍ॅग्रीमेंट असेल तर गिऱ्हाइकाला बँकेचं कर्ज मिळणं कठीण जातं आणि रोखीने घेणारा किंमत पाडून मागतो. बिल्डर किंवा जमीनमालक हयात आहे तोवर खत करून घेणं सोपं असतं. तेही गेले की त्यांच्या वारसांच्या मागे फिरावं लागतं.

त्याबरोबर इमारतीचा ऑक्युपन्सी दाखला, सब-रजिस्ट्रारकडचा बोजा नसल्याचा दाखला आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट पाहा. गोव्यात पुष्कळ ठिकाणी गृहनिर्माण सोसायटीऐवजी नुसती मेंटेनन्स सोसायटी असते. ती पाणी, जिना, रंग पाहते. जमीन तिच्या नावावर असेलच असं नाही, म्हणून एक-चौदाच्या उताऱ्यावर किंवा शहरी भागात सिटी सर्व्हेच्या नोंदीत कुणाचं नाव आहे ते तपासा. हे कागद भाड्याला लागत नाहीत, त्यामुळे भाडं सुरू असेपर्यंत कुणाचं लक्षही जात नाही. पण दोन वर्षांनी विकायचं ठरलं तर तेव्हा सहा महिने यातच जातील. घरपट्टी, वीज आणि सोसायटी यांवरची नावं मात्र लगेच बदलून घ्या.

भाड्याचा खरा आकडा

महिना अठरा हजार म्हणजे वर्षाला दोन लाख सोळा हजार, असं दोघं मनात धरतात. वर्षात एक महिना फ्लॅट रिकामा राहील असं धरून चला, म्हणजे हातात १,९८,००० येतात. त्यातून सोसायटीचे २४,०००, घरपट्टी ४,०००, दलाली आणि करार ९,०००, आणि दुरुस्ती-रंगासाठी बाजूला २०,००० काढा. शेवटचा आकडा जास्त वाटतो. पण वीस वर्षं जुन्या इमारतीत, गोव्याच्या पावसात, गच्चीची गळती आणि बाथरूमची पाईपलाईन कधीतरी येतेच. उरतात १,४१,०००, दर भावंडाला ७०,५००. साठ लाखांवर हे वर्षाला साधारण २.३५ टक्के होतात.

करासाठी हिशोब थोडा वेगळा आहे. मिळालेल्या भाड्यातून भरलेली घरपट्टी वजा होते आणि उरलेल्यावर सरसकट ३० टक्के सूट मिळते. सोसायटी, रंग, दलाली सगळं त्या ३० टक्क्यांतच आलं. १,९४,००० मधून ५८,२०० गेले की १,३५,८०० उरतात. सामाईक मालमत्तेच्या नवराबायकोंचं पगार सोडून इतर उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं धरायचं, ही तरतूद आयकर कायद्यात गोव्यासाठी आहे. म्हणून हे उत्पन्न चौघांच्या विवरणपत्रांत प्रत्येकी ३३,९५० असं दाखवायचं. सगळं दीपकच्या नावावर घालू नका. पुण्यातल्या सल्लागाराला ही तरतूद ठाऊक असेलच असं नाही, तेव्हा स्मिताने ती स्वतः सांगावी.

करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चा, अकरा महिन्यांचा करण्याची पद्धत आहे, आणि त्यामागे कारण आहे. १९६८ च्या भाडेनियंत्रण कायद्याखाली भाडेकरूला मोठं संरक्षण आहे, आणि जुन्या भाडेकरूंचे खटले पिढ्यान्‌पिढ्या चाललेले गोव्यात सगळ्यांनी पाहिलेत. म्हणून कागदावर ‘वापरण्याची परवानगी’ असावी, मुदत स्पष्ट असावी, आणि प्रत्येक मुदत संपली की नवा करार व्हावा. जुना तसाच पुढे ओढत नेऊ नका. परवानगी देणारे म्हणून चौघांची नावं घाला. पोलीस ठाण्यात भाडेकरूची पडताळणी करून पोच फाईलला लावा, गोव्यात ती बंधनकारक आहे. भाडेकरू परदेशी असेल तर तो आल्यापासून चोवीस तासांत ‘फॉर्म सी’ ऑनलाईन भरायची जबाबदारी घर देणाऱ्याची आहे.

पर्यटकांना रोजावर देण्याचा मोह होतो, विशेषतः समुद्राजवळच्या गावांत. त्यासाठी पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते, ती १९८२ पासूनच्या कायद्यानुसार आहे. सोसायटी सहसा विरोध करते, आणि चादरी, किल्ल्या, तक्रारी हे सगळं रोज कुणीतरी पाहावं लागतं. आपल्या उदाहरणात ते दीपकच्याच गळ्यात पडेल आणि उत्पन्न मात्र निम्मं वाटलं जाईल. स्मिता त्याच्या कामाचा मोबदला वेगळा काढायला तयार नसेल, तर त्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

विक्रीचा खरा आकडा

वारशाच्या फ्लॅटला तुमची खरेदी-किंमत शून्य धरत नाहीत. वडिलांनी दिलेली किंमत आणि त्यांच्या खरेदीपासूनचा काळ तुम्हाला मिळतो. २३ जुलै २०२४ पासून दीर्घ मुदतीच्या नफ्यावर महागाईची जोड न देता १२.५ टक्के कर आहे. पण त्या तारखेआधीच्या घराला, विकणारा भारतात निवासी असेल तर, महागाई जोडून २० टक्के हा जुना हिशोबही करून पाहता येतो आणि कमी येईल तेवढाच कर भरायचा.

दोन्ही करून पाहू. ६० लाखांतून दोन टक्के दलाली, म्हणजे १.२ लाख, वजा करा. नव्या पद्धतीने नफा ४७.८ लाख, कर ५,९७,५००. जुन्या पद्धतीत ११ लाखांना २००६-०७ चा निर्देशांक १२२ आणि २०२५-२६ चा ३७६ लावला की खरेदी-किंमत सुमारे ३३.९ लाख होते. नफा २४.९ लाख, कर सुमारे ४,९८,०००. जवळजवळ लाखाचा फरक, आणि तो वडिलांच्या खरेदीखतावर आणि पैसे भरल्याच्या पावत्यांवर उभा आहे. २००१ च्या आधीचा फ्लॅट असेल तर १ एप्रिल २००१ चं मोल नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून काढून घ्यावं लागतं.

उपकर धरून कर ५.१८ लाख. वकील आणि कागदांचे ३२,००० धरले तर हातात साधारण ५३.३ लाख, दर भावंडाला २६.६५ लाख. कर चौघांत वाटला जातो, त्यामुळे कुणा जोडीदाराला दुसरं उत्पन्न नसेल तर करपात्र नसलेल्या मर्यादेतला त्याचा उरलेला भाग या नफ्यात वापरता येतो आणि कर आणखी उतरतो. कुणाला दोन वर्षांत दुसरं घर घ्यायचं असेल, किंवा सहा महिन्यांत ठरावीक सरकारी रोख्यांत पन्नास लाखांपर्यंत पाच वर्षं पैसे अडकवायचे असतील, तर त्याने आपापल्या हिश्श्याची सूट घ्यावी. भावाने रोखे घेतले म्हणून बहिणीने घ्यायला हवेत असं नाही.

आता दोन्ही आकडे शेजारी ठेवा. ५३.३ लाख साडेसहा टक्क्यांच्या ठेवीत वर्षाला सुमारे ३.४६ लाख देतात. भाडं देतं १.४१ लाख. फरक २.०५ लाखांचा, म्हणजे साठ लाखांचा फ्लॅट वर्षाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास वाढला तरच भाडं आणि विक्री बरोबरीत येतात. ठेवीच्या व्याजाला ३० टक्क्यांची सूट नसते, त्यामुळे ही रेषा थोडी खालीही येते. गेल्या एकोणीस वर्षांत हा फ्लॅट वर्षाला नऊ टक्क्यांहून जास्त वाढला, पण तेव्हा इमारत नवी होती. पुढचं ठरवताना इमारतीकडे पाहा: लिफ्ट आहे का, सळ्या उघड्या पडल्यात का, सोसायटीकडे दुरुस्तीचा निधी आहे का, जमीन कुणाच्या नावावर आहे. चारांतली तीन उत्तरं वाईट असतील तर मी विकण्याच्या बाजूने बोलेन. इमारत धड असेल आणि दोघांनाही पैशाची घाई नसेल तर भाडं चालू ठेवायला हरकत नाही.

दोघांमधला कागद

भाड्यावर ठरलं तर भाडेकरूशी करार होतो, पण भावंडांमध्ये काहीच लिहिलं जात नाही. एक पान पुरे, चौघांच्या सह्या घ्या. भाडं एका संयुक्त खात्यात येईल आणि खर्च वजा होऊन दर तिमाहीला निम्मं-निम्मं जाईल, हे लिहा. भाडेकरूची अनामत रक्कम त्याच खात्यात ठेव म्हणून राहील, कुणीही खर्च करणार नाही. दीपक देखरेख करतो म्हणून त्याला भाड्याच्या ठरावीक टक्के मोबदला, आणि दहा हजारांवरच्या दुरुस्तीला स्मिताचा होकार हवा. हा आकडा तुम्ही ठरवा, पण लिहून ठरवा. स्मिताने आणि तिच्या नवऱ्याने दीपकला मुखत्यारपत्र द्यायचं असेल तर ते भाडं, करार आणि बिलांपुरतं असावं. विक्रीचा अधिकार त्यात नसावा.

सगळ्यात उपयोगी कलम बाहेर पडण्याचं. दुसऱ्या कराराची मुदत संपायच्या तीन महिने आधी दोघांनी पुन्हा बसायचं. एकाला विकायचं असेल तर दुसऱ्याला, दोघांनी नेमलेल्या मूल्यांकनकाराच्या भावाने, तीन महिन्यांत हिस्सा विकत घेण्याची पहिली संधी. त्याने घेतला नाही तर दोघं मिळून बाजारात. सहमालकाला डावलून परक्याला हिस्सा विकायला गोव्याचा कायदाही आडवा येतो, आणि अर्धा हिस्सा घेणारं गिऱ्हाईक तसंही पडत्या भावानेच घेतं.

विक्रीखताच्या दिवशी

फ्लॅटची एकूण किंमत पन्नास लाख किंवा वर असेल तर घेणाऱ्याने एक टक्का कर कापून भरायचा असतो. प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा लाखच आले म्हणून ही कपात टळत नाही. ६० हजारांचे चार भाग, चार वेगवेगळ्या पॅनवर, प्रत्येकी १५,००० असे भरले गेले पाहिजेत. एकट्या दीपकच्या पॅनवर सगळे गेले तर बाकी तिघांना वजावट मिळत नाही आणि दुरुस्त करताना घेणाऱ्याच्या मागे लागावं लागतं. चारही पॅन आणि हिस्से विक्रीखतातच छापून घ्या. स्मिता परदेशात असती किंवा तिने पोर्तुगीज पासपोर्ट घेतला असता, तर आधी ती करासाठी निवासी ठरते की अनिवासी हे पाहावं लागलं असतं. अनिवासी विकणाऱ्याच्या रकमेतून बरीच मोठी कपात होते. ती कमी करण्याचा दाखला आयकर खात्याकडून खताच्या आधी मिळवावा लागतो, आणि त्याला काही आठवडे द्यावे लागतात.

पैसेही चौघांच्या खात्यांत वेगवेगळ्या डिमांड ड्राफ्टने किंवा बँक ट्रान्सफरने घ्या आणि त्यांचे क्रमांक खतात लिहा. चावी देण्याआधी विजेच्या मीटरचं रीडिंग दोघांसमोर लिहून त्यावर सही घ्या, सोसायटीचं ‘बाकी नाही’ पत्र घेणाऱ्याला द्या, आणि वडिलांच्या खरेदीखताची प्रमाणित प्रत स्वतःकडे ठेवा. मूळ फाईल घेणाऱ्याकडे जाते, आणि पुढे आयकर खात्याने ११ लाखांचा पुरावा मागितला तर तीच प्रत दाखवावी लागेल.